शनिवारचा एकच केक

"त्या कोपऱ्यावरच्या काकांकडचा केक नको," बटण म्हणाली. "एवढं माझं ऐक."

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात काजं-बटणं करते ती बटण आणि कापड बेतते ती कात्री. दोघींची खरी नावं आता पगाराच्या दिवशीच निघत. सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई शनिवारी निवृत्त होणार होत्या. त्यांना न कळू देता केक आणायचा, एवढं सगळ्यांचं ठरलं होतं. कुठून आणायचा, यावर या दोघींचं अडलं होतं.

"का नको?" कात्रीने विचारलं. "बाई अंडं खात नाहीत. काकांच्या भट्टीत अंडं शिरतच नाही. तुझ्या त्या काचेच्या दारांच्या केकच्या दुकानात एकाच रवीने सगळं घुसळतात."

"त्यांचं बिनअंड्याचं भांडं वेगळं आहे. मी विचारून आले."

"आणि चव? तिथे तयार पिठाची पुडी फोडायची, पाणी घालायचं, झाला केक. काका दही घालून फेटतात. दुसऱ्या दिवशीही कापसासारखा राहतो."

"त्यांचं क्रीम उन्हात उतरतं," बटण सुईकडे बघत म्हणाली. मग एकदम, "तुला स्वतःला त्यांचा अननसाचाच आवडतो ना?"

"माझं काय घेऊन बसलीस? केक बाईंचा आहे."

बटण नुसतीच हसली. ते हसणं कात्रीच्या डोक्यात गेलं.

बाईंची खुर्ची कुणाला मिळणार, हे शनिवारी संध्याकाळीच कळणार होतं. अठरा वर्षं कापड बेतून कात्रीचा अंगठा वाकला होता. ती खुर्ची आपली, असं तिने मनात कधीच धरलं होतं. पण या महिन्यात बाईंनी बटणला दोनदा आत बोलावून दार लावून घेतलं होतं. आता केकही बटणच्याच पसंतीचा, म्हणजे बाई खाणार आणि नाव बटणचं होणार. कात्रीला सगळं लख्ख दिसलं.

"आण तुझा," ती म्हणाली आणि संध्याकाळी सरळ काकांच्या बेकरीत गेली.

काका पाव कापत होते. "शनिवारी नाही जमणार, ताई. क्रीमचा केक मी दिवसाला एकच घेतो. तळ आदल्या दिवशी भाजायचा, रात्रभर निवू द्यायचा, मग क्रीम. कोमट तळावर क्रीम लावलं की घसरतं. फ्रीज एकच, त्यातही एकच केक उभा राहतो. शनिवारचा आधीच सांगून ठेवलाय एकीने."

कात्री परत फिरायला हवी होती. फिरली नाही.

"आमच्या बाई आजारी आहेत हो," ती म्हणाली. आवाज आपोआप खाली आला. "फार दिवसांच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. तोंडाला चवच नाही त्यांच्या. तुमच्याच हातचा केक खायचा म्हणतात."

काकांनी सुरी खाली ठेवली. "मी विचारून बघतो त्या ताईंना."

शनिवारी दुपारी केक तयार होता. काकांनी पेटी दोरीने बांधली, तळाशी हात धरून न्यायला सांगितलं आणि वर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"त्या ताईंनी एका शब्दात सोडला केक. आजारी माणसाला आधी द्या, म्हणाल्या. नावाची चॉकलेटची पाटी मात्र मी आधीच ओतली होती. ती फ्रीजमध्ये घट्ट व्हायला वेळ घेते ना. घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, त्या बाईंच्या घरी पोरं असतील, त्यांना द्या. वाया नको." मग त्यांनी हात पुसत विचारलं, "कशा आहेत बाई?"

"आहेत," कात्री म्हणाली. पुडकं न उघडताच तिने पिशवीत टाकलं. एवढ्यापुरतंच, असं तिने स्वतःला सांगितलं.

कारखान्यात यंत्रं बंद करून सगळ्या जमल्या. मोठ्या बाई, गाल लाल, तब्येत ठणठणीत, दोन-दोन केक बघून म्हणाल्या, "अगं, मी एकटी आहे, वरात नाही." सगळ्या हसल्या. बटण काचेच्या दुकानाची पेटी घेऊन उभी होती. तिने कात्रीच्या पेटीवरची दोरी ओळखली.

"तुला मिळाला काकांचा?" तिने हळूच विचारलं. "मला तर शनिवारचा नाही मिळाला. म्हणजे, सांगितला होता आधी, पण सोडून दिला. कुणी बाई अगदी शेवटच्या आजारात आहे म्हणे. माझं काय, उद्या-परवा करता येईल." ती जरा थांबली. "पण मग तुला कसा मिळाला?"

कात्रीने केक कापायची सुरी बाजूला ठेवली. बोलायला एक क्षण होता. तिने तो बशा मांडण्यात घालवला.

"आणखी बशा आहेत का गं?" म्हणत बाईंनी कात्रीच्या पिशवीत हात घातला. हाताला पुडकं लागलं.

"ते राहू दे, बाई," कात्री म्हणाली.

"काय लपवतेस?" बाईंनी कागद सोडला, चष्मा नाकावर ओढला आणि कौतुकाने बटणकडे बघितलं. "अगं, दार लावून हे फक्त तुला सांगितलं, बाकी मी संध्याकाळपर्यंत पोटात ठेवलं. तू तर चॉकलेटवर लिहून घेतलंस." बटण हसत नव्हती. ती कात्रीकडे बघत होती. बाईंनी पाटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि मोठ्याने वाचली:

"आमच्या नव्या मोठ्या बाई कात्रीला, तिच्या बटणकडून."