बंद दारासमोर

ड्रेसिंग रूममधल्या बाथरूमला आतून कडी होती आणि दाराशी बोक्याचे ग्लोव्हज पडले होते. बोका म्हणजे संघाचा गोलकीपर. फायनल दोन-एकने हातची गेली होती. दुसरा गोल त्याच्या हातून निसटून झाला होता, आणि मैदान सोडताना तो एवढंच म्हणाला होता, ‘बस झालं. आता मी खेळणार नाही.’

आतून मुसमुसणं ऐकू येत होतं.

कोच सर असते तर एका हाकेत दार उघडलं असतं. हरा, पण डोळे कोरडे ठेवा, हा त्यांचा खाक्या. ते बहुधा विजेत्यांचं अभिनंदन करायला गेले असावेत. शेवटी कॅप्टनच दारासमोर ओल्या फरशीवर बसला.

“ऐक. तुम्हीही ऐका रे. पहिला गोल माझ्या नावावर. त्यांचा स्ट्रायकर ऑफसाइड सापडावा म्हणून आपण चौघं एकदम पुढे सरकणार होतो. तिघं सरकले, मी मागे रेंगाळलो. माझ्यामुळे तो ऑनसाइड ठरला.”

“मी हाक उशिरा दिली,” बाकावरून लेफ्ट बॅक म्हणाला.

“हाक द्यायचं काम माझं. आता दुसरा. कॉर्नर आला, ‘माझा’ म्हणून ओरडलेलं मी ऐकलं. तरी उडी मारली आणि आपल्याच कीपरला धडकलो. पण चूक त्याचीही झाली. एवढ्या गर्दीत बॉल झेलायचा नसतो, मुठीने लांब ठोसायचा असतो. उगाच गोड बोलणार नाही.”

मुसमुसणं थांबलं.

“आणि विंगर लंगडत होता. सर त्याला बदलायला निघाले होते. मीच खूण केली, राहू दे म्हणून. त्यांनी माझं ऐकलं.”

“म्हणजे कप तूच त्यांच्या घरी पोचवलास,” विंगर म्हणाला. सगळे हसले. फायनलनंतर पहिल्यांदाच.

कॅप्टन दाराजवळ सरकला. दाराआडच्या त्या माणसावर त्याचा सख्ख्या भावासारखा जीव होता.

“गेल्या वर्षी आपण तळाला होतो. तिथून इथवर कुणी आणलं? आत कडी लावून बसलाय त्यानेच. अंगात ताप असला तरी सगळ्यांआधी मैदानावर हजर. तू नसशील तर मीही खेळत नाही. रड, पोटभर रड, येड्या. पण आम्हाला सोडून जाऊ नकोस.”

तेवढ्यात ड्रेसिंग रूमचं दार खांद्याने ढकलून बोका आत आला. विंगरच्या गुडघ्यासाठी आणलेली बर्फाची पिशवी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“काय झालं? सगळे असे का बसलात?”

सगळ्यांच्या नजरा बंद दाराकडे वळल्या. बाथरूमची कडी निघाली. लाल झालेले डोळे पुसत सर बाहेर आले आणि कॅप्टनशेजारी त्या ओल्या फरशीवर बसले.