पंधरा दिवसांच्या आत

पहिलं पान वाया गेलं. ‘प्रिय बाळ’ असं लिहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, या नावाने आपण पोरीला कधी हाकच मारली नाही. त्याने पान चुरगाळलं.

“आता तीनच उरली,” मेव्हणी म्हणाली. ती त्याच्या बायकोची धाकटी बहीण. बायको गेल्यापासून पोरीचं सगळं तिनेच पाहिलं होतं. “घर शांत आहे तोवर उरका, भाऊजी.”

पानं बायकोच्या वहीतली होती. मागची चार कोरी होती. त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, त्यामुळे त्याने शिवणीचा दोरा उसवून ती न फाडता सोडवली होती. बॉलपेन बाजूला ठेवून शाईचं पेन घेतलं होतं.

पत्राची कल्पना बायकोची. शेवटच्या आठवड्यात, उशीला टेकून बसवल्यावर, ती म्हणाली होती, “पोरीला एक पत्र लिही. अठरा पूर्ण झाली की तिने उघडायचं. उपदेश नको. मी कशी देवमाणूस होते, तेही नको. त्या दिवशी घरात जे असेल ते लिही. पण मी गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत लिही. नाहीतर सारवासारव करशील. मी ओळखून आहे तुला.”

त्याने हो म्हटलं होतं. पोर तेव्हा सात महिन्यांची होती.

त्याने नवं पान पुढे ओढलं. वरचा कोपरा तारखेसाठी सोडला आणि लिहू लागला. ‘तुझी आई जाऊन नऊ दिवस झाले. तू सात महिन्यांची आहेस.’

“वजन?” त्याने विचारलं.

मेव्हणीने लसीकरणाचं कार्ड पिशवीतून काढलं. “सहा किलो नऊशे.”

‘तुझं वजन सहा किलो नऊशे ग्रॅम आहे. तुला तीन दात आलेत.’

“दोन,” ती खांद्यावरून वाचत म्हणाली. “खालचे दोन. तिसरा नंतर आला.”

“तीन होते.”

“तुम्ही तिच्या तोंडात कधी पाहिलंत? हातात तरी घेत होतात का?”

 ओळ खोडलेली दिसायला नको होती, म्हणून त्याने तिसरं पान घेतलं आणि पहिल्यापासून लिहिलं. दोन दात. दूध बाटलीने, तेही मावशीने पाजलं तरच. वरच्या मजल्यावर शिंप्याचं मशीन दिवसभर चालतं, ते थांबलं की तू रडतेस. खोलीला अजून औषधांचा वास येतो. भाड्याने आणलेली खाट… “कोपऱ्यात तशीच,” तो लिहिता लिहिता पुटपुटला.

“खाट दुसऱ्याच दिवशी नेली,” मेव्हणी म्हणाली. “चार खुणा राहिल्या होत्या फरशीवर. त्या लिहा.”

“खाट नव्हती?”

“तुम्हीच तर उचलू लागलात त्या हमालांना. एक पाय दारात अडकला, तर माणसाच्या अंगावर ओरडलात.”

सुदैवाने खाटेचं वाक्य शेवटचं होतं आणि ‘खाट’पर्यंतच लिहून झालं होतं. त्याने ते पुढे वळवलं. ‘भाड्याने आणलेली खाट परत नेली. फरशीवर तिच्या पायांच्या चार खुणा आहेत. मी त्या पुसू देत नाही.’

“हे खरं,” ती म्हणाली. “यावरून माझ्याशीही भांडलात.”

 मग तो मान वर न करता लिहीत गेला. मेव्हणीने वाचलं आणि खुर्ची ओढून बसली.

त्याने लिहिलं होतं, ‘तू पोटात असतानाच आजार कळला. डॉक्टर म्हणाले, उपचार लगेच सुरू करू, पण मूल राहणार नाही. तुझी आई म्हणाली, मूल आधी. मी म्हणालो, तू आधी. तिने ऐकलं नाही. तू नसतीस तर ती असती, असं मला वाटतं. म्हणून मी तुला उचलत नाही. तू रडलीस की मी दुकानात जाऊन बसतो.’

“हे नका देऊ, भाऊजी.”

“खरं लिही म्हणाली होती.”

“खरं म्हणजे काळजात सुरी खुपसायची?”

“तिने दुसरं काही मागितलंच नाही माझ्याकडे.”

“अजूनही वाटतं तसं?”

त्याने पेन ठेवलं. नाही, अशी मान हलवली.

“मग तेही लिहा ना,” ती म्हणाली. “एवढी एक ओळ.”

“ती ओळ त्यात बसत नाही.”

त्याने पानाची घडी घालायला घेतली. मेव्हणीने त्याचा हात धरला. “तारीख.”

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. बोटांवर काही मोजलं आणि कोपऱ्यात तारीख टाकली. पान पाकिटात सरकवलं. पाकीट त्याने जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरच्या कागदाचं केलं होतं. तोंडाला खळ लावली, घड्या बसवायच्या हाडाच्या पट्टीने दाबून घेतली आणि जोडावर आडवी सही केली.

“वाळेल?”

“तासाभरात.”

मेव्हणीने डोळे पुसले. कपाटातल्या साड्यांखाली तिने पाकीट सरकवलं आणि शाईची बाटली पदराआड घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तासाभराने कुलपात किल्ली फिरली. एक उंच मुलगी आत आली आणि पाठीवरची सॅक खुर्चीवर टाकली.

“बाबा, उद्या अठरा पूर्ण. सकाळी आधी पत्र, मग चहा. कळायला लागल्यापासून ‘कपाटात आहे, कपाटात आहे’ म्हणून लटकवून ठेवलंय मला.” ती त्याच्याजवळ बसली. आवाज खाली आला. “आई गेली तेव्हा माझ्याबद्दल काय वाटत होतं तुम्हाला, ते आहे ना त्यात? थोडं तरी सांगा.”

“काय आठवणार?” तो म्हणाला. “सतरा वर्षांपूर्वी लिहिलेलं.”