ओला बनियन

"वैनी, माझा बनियन कुठाय?" धोंडू ओरडला आणि अंबिकेची नजर दोरीकडे गेली. लालबागच्या हुतूतू स्पर्धेत पहिला सामना जिंकल्यापासून तिच्या दिराने तो बनियन न धुण्याची शपथ घातली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेमुळे फायनल उद्यावर गेली म्हणून ती निर्धास्त होती. पण सभा लवकर उठली आणि खेळ आजच ठरला. बनियन दोरीवर ठिबकत होता. "मेलो! आता हरणारच!" धोंडू किंचाळला. "अरे, प्रत्येक सामन्यानंतर मी गुपचूप धुतलाय," ती म्हणाली, "वर मैदानातली माती चोळलीय. पहिल्यानंतरचे तिन्ही सामने तू धुतलेल्याच बनियनवर जिंकलास." धोंडूने दोरीवरून बनियन ओढला. मग तसाच ओला अंगात चढवून पळाला. तासाभराने चाळभर गुलाल उधळला. धोंडू दारात आला, बनियन तिच्या हातात देत हळूच म्हणाला, "वैनी, पुढच्या खेपेलाही असाच ओला ठेव हां!"