उरलेली आठ अक्षरं

बायको, शुफा, गेल्याचं कळलं तेव्हा फमाऊ होडीच्या फटींत कापूस ठोकत होता. मोम्बासाच्या इस्पितळातून पुतण्याने फोन केला. "काका, बसा आधी," तो म्हणाला. फमाऊ बसला नाही. हातातला कापूस संपेपर्यंत ठोकत राहिला, मग घरी गेला.

तिचे कपडे आले, त्यांत एक वही होती. शुफा पाते बेटावरच्या मंडळींसाठी पद्यात नाटकं लिहायची. इस्पितळातल्या तीन आठवड्यांत तिने शेवटचं नाटक लिहिलं होतं. चाळिसावा झाल्यावर शाळेचे स्वालेह मास्तर ती वही मागून घेऊन गेले, आणि आठ दिवसांनी परत आले.

"नाटक पुरं आहे, फमाऊकाका. फक्त एक अर्धी ओळ नाही."

"मग बसवा की तेवढ्यावर."

"ती अर्धी ओळ म्हणजेच नाटक आहे." मास्तर ओसरीवर टेकले. "ती तुमच्या बोटांवर अक्षरं मोजायची, हे गावाला माहीत आहे. तिची लिहिण्याची ढब तुम्हाला ठाऊक. ऐका, आणि काय असेल ते सांगा. पुढच्या शुक्रवारी गावासमोर करायचंय."

फमाऊने कॉफीचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "वाचा."

"डोंगरावरचं शहर. वेढा पडलाय. वेशीवर एकटा पहारेकरी. बाहेर त्याचा जखमी भाऊ येऊन पडलाय. हा स्वतःशीच बोलतो. बकारी करणार आहे ते काम. त्याला म्हटलं, मासळी विकल्यासारखा ओरडू नकोस, इथे माणूस विचार करतोय."

मास्तरांनी वही उघडली. प्रत्येक ओळीचे दोन भाग, प्रत्येक भागात आठ अक्षरं.

*दाराबाहेर पडला / भाऊ, किल्ली माझ्या हाती*
*उघडतो, आणतो मी / अंगाची झाडीन माती*
*पण झोप लागलीय / त्याला, का मोडू मी शांती*
*झोपेत दुखत नाही / थांबेन, कसली भीती*
*आत आणला तर मी / जागायचे किती राती*
*उठतो, उभा राहतो /*

"बस. पुढे कोरं."

फमाऊने वहीतल्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.

"आता नाटक विसरा, नुसती कविता म्हणून बघा," मास्तर म्हणाले. "पहिल्या दोन ओळींत निर्णय झालेला आहे. उघडतो, आणतो. अंगाची माती झाडण्यापर्यंत त्याचं मन पुढे पोचलंय. तिसऱ्या ओळीत 'पण' आलं. वाऱ्याने शीड फिरावं तसं. तरी कारण भावाचंच देतोय, त्याची झोप मोडेल म्हणून."

"झोपलाय हे त्याला कसं कळलं?"

"डोळे मिटलेले दिसले असतील. चौथी ओळ बघा. कसली भीती, म्हणतो. त्याला कोणी विचारलं होतं? ज्याला भीती नसते, तो तिचं नाव काढत नाही."

"खरं आहे."

"आणि पाचवी. इथे बकारीला थांबायला सांगितलंय, एक श्वासभर. आत्तापर्यंत भावाची माती, भावाची झोप, भावाचं दुखणं. इथे पहिल्यांदा स्वतःच्या झोपेचा हिशेब. खरं कारण हे. बाकीच्या ओळी याच्यावर पांघरूण होत्या."

"वाईट माणूस आहे?"

"थकलेला आहे. पण बघा, तुम्हाला ओहोटीने अडवलं. तिला मोम्बासाला एक दिवस उशिरा न्यावं लागलं, त्याला तुम्ही काय करणार? याला कोणीच अडवलेलं नाही. किल्ली हातात आहे. म्हणून तर हा प्रसंग चढतो."

फमाऊने पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"सहाव्या ओळीत 'पण' नाही, कारण नाही," मास्तर उत्साहाने म्हणाले. "नुसता उठतो. बोलायचं संपलं की माणूस करायला लागतो. म्हणजे तो दार उघडणार. मी लिहून आणलंय: *जपतो रक्ताची नाती*. आठ अक्षरं, यमकही बसतं. कसं वाटतं?"

"गोड आहे."

"म्हणजे आवडलं नाही."

"तो उघडत नाही, मास्तर."

"अहो, उठलाय ना तो!"

"उठून माणूस दुसरीकडेही जातो."

मास्तर हसले. "मग तुम्ही सांगा. तिने काय लिहिलं असतं?"

फमाऊने डावा हात मांडीवर पालथा ठेवला. उजव्या हाताचं बोट एकेका पेरावर टेकवत तो सावकाश म्हणाला, "*उद्या येईल भरती*."

मास्तरांनी मनात मोजलं. आठ. यमकही बसलं. त्यांनी पूर्ण ओळ एकदा पुटपुटून पाहिली.

"फार भारी आहे, काका. तिचीच वाटते." पेन्सिल कागदाला टेकवून ते थांबले. "पण भरती कुठून आली? हे शहर डोंगरावर आहे. अख्ख्या नाटकात समुद्र नाही."

"तिला न्यायचं होतं तेव्हा होडीखाली कमरेएवढं पाणी होतं, होडी निघाली असती," फमाऊ म्हणाला. "तिच्या उशाशी बसून एवढं सगळं मी मोठ्याने बोललो. मला वाटलं, तिला झोप लागलीय."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. शुक्रवार होऊन गेला. ती अर्धी ओळ अजून कोणी लिहिलेली नाही.