नाव ठरेपर्यंत

कैरोच्या अरबी भाषा अकादमीत नव्या वस्तूंना नावं ठरवणारी समिती बसली होती, आणि तिच्यातला वजदी हट्टाला पेटला होता. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात घालायच्या यंत्राला लोक ‘सम्माआ’ म्हणतात, मग तेच मंजूर करा, असं त्याचं म्हणणं. उस्ताद शुक्रींनी मान हलवली. डॉक्टरच्या गळ्यातली नळी सम्माआ, फोनचा कानाला लावायचा भाग सम्माआ, मिनारावरचा भोंगाही सम्माआ. एका शब्दाच्या पाठीवर ओझी तरी किती लादायची? समितीतले डॉक्टर म्हणाले, मग इंग्रजी नावच अरबी अक्षरांत लिहू. शुक्री म्हणाले, उसन्या शब्दाला पोरंबाळं होत नाहीत.

वजदी हसला. “टेलिफोनला झाली की, उस्ताद. त-ल-फ-न एवढी चार अक्षरं घेतली, क्रियापदाच्या साच्यात ओतली, आणि अख्खं कैरो ‘तल्फना’ करतंय.”

शुक्रींनी आपला साचा पुढे ठेवला. हिशेबाच्या ह-स-ब या मुळापासून संगणकाला ‘हासूब’ मिळाला, नकलेच्या न-स-ख पासून फॅक्सला ‘नासूख’. मग ऐकण्याच्या स-म-अ पासून ‘सामूअ’ का नको? अवजारांसाठी हा साचा अकादमीने कधीचाच मान्य केलेला. शब्द कानाला गोडही होता. पण समितीचं एकमत होईना. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

शुक्रींच्या घराचा एक नियम होता. ज्या वस्तूला अकादमीने नाव दिलं नाही, ती उंबरठ्याच्या आत येत नसे. त्यांची बायको इन्शिराह पाहुण्यांना हे हसत हसत सांगायची. नासूख मंजूर झाला तेव्हा यांनी फॅक्सचं यंत्र आणलं, म्हणायची, तोवर गावातल्या साऱ्यांनी आपापली यंत्रं भंगारात काढली होती. शुक्रीही हसायचे.

आता इन्शिराहलाच ऐकू येईनासं झालं होतं.

मुलूखियाच्या भाजीची पानं खुडताना ती गाणी म्हणायची, नाईलकाठच्या बायकांची, लग्नातली, मेंदीची. आधी गाण्याचा सूर सुटला. मग शब्द सुटले. मग पानं खुडल्याचा तेवढा आवाज उरला, तोही शुक्रींपुरता. लेक रीहामने कानाचं यंत्र विकत आणलं. कानाच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आत्ताच घाला; उपाशी कान शब्द ओळखायला विसरतो, मग आवाज कितीही मोठा करा, अर्थ लागत नाही. शुक्रींनी डबी न उघडता परत पाठवली. रीहाम रडली, भांडली. शेवटी आईनेच तिला गप्प केलं. लोक काय म्हणतील, अकादमीवाल्याची बायको कानात सम्माआ घालून फिरते? इतकी वर्षं थांबले, अजून एक हिवाळा थांबेन.

त्या एका हिवाळ्याला पुष्कळ हिवाळे जोडले गेले. समितीतून शब्द अकादमीच्या परिषदेकडे गेला. परिषदेने तो वार्षिक अधिवेशनासाठी ठेवला, आणि अधिवेशन वर्षातून एकदाच. दमास्कसचे सदस्य म्हणाले, आमच्याकडे दुसरं नाव चालतं. शब्द समितीकडे परतला. इकडे इन्शिराह नवऱ्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. चहा, मीठ, रीहाम, औषध घेतलंस का. ओठ हलायच्या आतच ती उत्तर द्यायची. शुक्रींना वाटायचं, बघा, चाललंय की.

आणि वसंतातल्या अधिवेशनात सामूअ मंजूर झाला. वजदीनेसुद्धा हात वर केला आणि उठून मिठी मारली. शुक्री तिथून थेट दुकानात गेले. सामूअ द्या म्हणाले. दुकानदाराला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, मग बोटाने दाखवलं. “अहो हाजी, सम्माआ म्हणा की सरळ,” दुकानदार म्हणाला. शुक्रींनी तरीही म्हटलं नाही.

घरी इन्शिराह खिडकीशी पानं खुडत बसली होती. त्यांनी यंत्र तिच्या कानात बसवलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. ती दचकली. काहीतरी आदळतंय म्हणाली, भांडी पडल्यासारखं. शुक्री तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि आयुष्यभर घडवलेला शब्द सावकाश उच्चारला. सामूअ.

तिने त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिलं. पुन्हा म्हणा, अशी खूण केली. त्यांनी पुन्हा म्हटला, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. तिने पानांचे हात झग्याला पुसले आणि त्यांचा चेहरा ओंजळीत धरला.

“ओळखीचं काहीतरी बोला, उस्ताद,” ती म्हणाली. “हा शब्द मी कधी ऐकलेलाच नाही.”