तीच निळी

"तू काय नेसणार आहेस गं भाचीच्या लग्नाला?" मोठ्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं.

धाकटीच्या मांडीवर भाड्यानं आणलेली भरजरी साडी होती. आतल्या काठावर शिवलेला दुकानाचा नंबर ती काठ दुमडून टाक्यांनी झाकत होती.

"मी कसली नेसतेय वहिनी! आपली तीच निळी," ती बिनदिक्कत खोटं बोलली.

"नक्की ना? मग बदलू नकोस हं."

फोन ठेवताच धाकटीचा तिळपापड झाला.

निळीनंच तर घात केला होता. मागच्या लग्नात ती कडक इस्त्री करून नेसली, तर चुलतसासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "साखरपुड्यालाही हीच होती ना गं?" सगळ्या नुसत्या हसल्या. तेवढंही पुरतं माणसाला. मग प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत उभी राहिली, आणि बिचारीला जेवणही गेलं नाही.

यंदा मात्र तिनं कंबर कसली होती. मैत्रिणीचा ब्लाउज दोनदा उसवून आपल्या मापाचा केला. दागिन्यांचा सेटही भाड्यानं ठरवला. ऐन वेळी कच खाऊ नये म्हणून निळीचे चक्क उशांचे अभ्रे शिवून टाकले.

एक गोष्ट मात्र तिला खुपत होती. एरवी लग्न महिन्यावर आलं की बायकांच्या ग्रुपवर नुसता गलका असायचा. दोघींचा एकच रंग यायला नको, म्हणून आधी रंग वाटून घ्यायचे, मग ब्लाउजच्या पाठीचे फोटो. यंदा सगळं चिडीचूप.

"मला वगळून वेगळा ग्रुप काढलाय त्यांनी," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला काहीही सुचतं," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

त्यात सासूबाईंचा फोन आला. "मागच्या लग्नाचे फोटो पाठव गं. कोण काय नेसलं होतं, मला मेलीला आठवेना."

धाकटीनं दातओठ खात फोटो पाठवले. पुन्हा निळीवरच हसायचं असणार, दुसरं काय!

लग्नाच्या दिवशी ती मुद्दाम थोडी उशिरा पोचली. हॉलच्या दारात पदर सावरून उभी राहिली. सगळ्या माना वळल्या. हेच तर तिला हवं होतं.

पण बायका तिच्या साडीकडे बघून एकमेकींकडेच पाहू लागल्या.

सासूबाई जांभळ्या साडीत होत्या, चुलतसासूबाई डाळिंबी, मोठ्या जाऊबाई मोरपंखी. छान होत्या साड्या, पण नव्या नव्हत्या. या तिनं कुठं बरं पाहिल्या होत्या? मग आठवलं. त्या फोटोंत.

फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं. पुढच्या रांगेत मधोमध एक जागा रिकामी होती.

मोठ्या जाऊबाई लगबगीनं पुढे आल्या आणि तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "अगं, निळी कुठंय? तिला यंदा एकटं वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मागच्याच नेसल्यात."