नावाला ओ

"अजीऽ!" कांताने ओट्यावरून पुन्हा आवाज दिला. समोरच्या पऱ्हाटीतून, कपाशीच्या उभ्या पिकातून, ओ आली नाही.

तिचा नवरा श्रावण मोटर बंद करायला शेतात गेला, त्याला बराच वेळ झाला होता. फोन इथेच, खाटेवर पडलेला. दिवस बुडाला होता आणि शेत संपलं की बोर अभयारण्याचं जंगलच लागत होतं.

"मामी, मामाले नाव घेऊन बोलाव ना," दिवाळीच्या सुट्टीत आलेली भाची गुंजन म्हणाली. तिच्या मांडीवर जादूगारांच्या कथामालेचा चौथा भाग उघडा होता. "अजी म्हटलं तर कोणाले समजन?"

"नवऱ्याचं नाव घेत नाई बाई, त्याचं आयुष्य कमी होते. अन् तिन्हीसांजेले तर कोणाचंच नाई. चकवा नाव उचलते, मंग त्याच माणसाच्या आवाजात बोलते."

गुंजन हसली. "तुमचं तं या पुस्तकासारखंच हाय. यातल्या दुष्टाले सगळे 'पलीकडला' म्हणतात. नाव घेतलं तर येईन म्हणून. यातली गुरुमाय त्याईले सांगते, नावाले काऊन भेता? जितकं लपवान, तितका तो मोठा होईन. मंग धीट लोकं नाव घ्यायले लागतात."

"मंग?"

गुंजन घुटमळली. "मंग या भागात तो आपल्या नावावरच मंत्र टाकते. जो नाव घेईन, त्याचा ठिकाणा त्याले कळते. भेणारे वाचतात. धीट तेवढे सापडतात."

कांताला बुवांचं कीर्तन आठवलं. आंजी गावाला ते सांगत, नाव आणि नावाचा धनी वेगळे नाहीत. जीव लावून हाक मारा, त्याला यावंच लागतं. ऐकताना तिचे डोळे भरून येत. पण हे देवाला लागू, तर बाकीच्यांना काऊन नाही?

दूर वानरं खेकसली. कोणत्या जनावराला पाहून, त्याचं नाव अंधार पडल्यावर या गावात कोणी घेत नाही.

कांताने डोक्यावरचा पदर सावरला. उखाण्याशिवाय कधीच न घेतलेलं नाव तिने तोंडातून काढलं.

"श्रावणऽ!"

"ओऽ," पऱ्हाटीतून आवाज आला. त्याचाच. ती हसतच दोन पायऱ्या उतरली.

तेवढ्यात मागे, रस्त्याच्या बाजूचं फाटक वाजलं. श्रावण चपलेचा चिखल झटकत आत आला. "हरिदासच्या गाडीवर तिकडूनच गावात गेलतो. कोणाले आवाज देऊन राह्यली वं?"

"ओऽ," पऱ्हाटीतून. आता जवळून, आणि पऱ्हाटी हलत होती.

श्रावणने काही बोलायला तोंड उघडलं. कांताने त्यावर हात दाबला. दुसऱ्या हाताने गुंजनला कुशीत ओढलं आणि ती हळूहळू, सुरात, विठ्ठलाचं नाव घेऊ लागली.

पऱ्हाटी हलायची थांबली.

गुंजन कुजबुजली, "मामी, हे नाव ऐकून आता कोण येईन?"